चुलीवरची क्रियापदे

मराठीत पाणी उकळते आणि अंडे उकडते. या दोन शब्दांची अदलाबदल मराठी बोलणारा कोणीही करत नाही, आणि हा फरक आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. पातळ पदार्थ स्वतःच खळखळू लागला की तो उकळतो. म्हणून पाणी, चहा, दूध, काढा हे उकळतात. अख्खी वस्तू पाण्याच्या किंवा वाफेच्या उष्णतेने आतपर्यंत मऊ झाली, आणि ते पाणी आपण खाण्यात धरले नाही, की ती वस्तू उकडते. म्हणून बटाटे, रताळी, अंडी, भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडतात. डाळ मात्र उकडत नाही, ती शिजते, कारण डाळीतले पाणी डाळीबरोबरच ताटात येते. एका चुलीवर, एकाच पाण्यात होणाऱ्या तीन गोष्टींना तीन क्रियापदे आहेत, आणि प्रत्येकाची हद्द आखलेली आहे.

स्वयंपाकाच्या या क्रियापदांचा इतिहास पाहताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुस्लिम घरांत चुलीजवळची भाषा दखनी किंवा कोकणी असते, आणि शाळेची, वर्तमानपत्राची, पाककृतीच्या पुस्तकाची भाषा मराठी. आमच्या आया-बहिणी बोलताना एक क्रियापद वापरतात आणि वहीत उतरवताना दुसरे. या उतरवण्यात कधी काही बिघडत नाही, पण कधी कधी सबंध कृतीच हरवते. ती नेमकी कुठे हरवते हे पाहायचे, तर आधी ही क्रियापदे आली कुठून ते पाहायला हवे.

सुरुवात सर्वांत जुन्या धातूपासून करू. संस्कृतात रांधण्याला, पिकण्याला आणि पोटात जिरण्याला 'पच्' हा एकच धातू होता. तिन्ही ठिकाणी उष्णतेने वस्तूचे रूप पालटते, अशी त्यामागची समजूत असावी. मराठीने या धातूची वाटणी केली. फळाचा अर्थ 'पिकणे' या शब्दाकडे गेला, पोटाचा अर्थ 'पचणे' या शब्दाकडे, आणि चुलीचा अर्थ 'स्वयंपाक', 'पक्वान्न', 'पाक' अशा नामांत उरला. 'पाक' तर आज मुख्यतः साखरेचाच. क्रियापद म्हणून पच् चुलीवरून उतरला आणि कायमचा पोटात गेला. आज 'भात पचला' म्हटले की तो खाऊन झालेला असतो.

पण हाच धातू आमच्या घरात मात्र चुलीवरच राहिला. दखनी आणि उर्दूत 'खाना पकाना' म्हणतात, तो 'पकाना' त्याच कुळातला, 'पक्व' या रूपावरून आलेला. फारसीतल्या 'पुख्तन' म्हणजे शिजवणे या क्रियापदाचेही पच्‌शी सख्खे नाते आहे, कारण संस्कृत आणि फारसी या एकाच घराण्यातल्या भाषा. 'दमपुख्त' मधला 'पुख्त' आणि मराठीतला 'पचणे' हे दूर गेलेले भाऊच म्हणायचे. तेव्हा घरात 'पकाना' म्हणणारी आई परकी भाषा बोलते आणि शाळेत 'पचणे' शिकणारा मुलगा देशी भाषा शिकतो, असे मानायला जागा नाही. एका भाषेने जे खाली ठेवले ते दुसरीने जपले, एवढेच.

पच्‌ची रिकामी जागा मराठीत दोन क्रियापदांनी भरून काढली. एक 'रांधणे' आणि दुसरे 'शिजणे'. रांधणे हे संस्कृत 'रन्धयति' वरून आलेले. त्या धातूचा मूळ अर्थ वश होणे, नमणे असा आहे, म्हणजे कठीण वस्तूला नरम आणणे. बंगाली आणि गुजरातीत ते आजही रोजच्या वापरात आहे, कोकणातल्या बोलींत आहे. प्रमाण मराठीत मात्र ते 'रांधा, वाढा, उष्टी काढा' एवढ्या म्हणीपुरते उरले, आणि तिथेही ते कृतीपेक्षा बाईच्या कष्टाचे नाव झाले आहे.

शिजणे हे 'सिध्यति' वरून प्राकृतातल्या 'सिज्झइ' या रूपातून आले. म्हणजे भात शिजला याचा मूळ अर्थ भात सिद्ध झाला, तयार झाला. हे क्रियापद अकर्मक आहे, ही त्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. भात आपोआप शिजतो. आपण तो 'शिजवतो', म्हणजे शिजू देतो. हाताचे काम आधण ठेवण्याचे, पाण्याचा अंदाज घेण्याचे आणि जाळ राखण्याचे. बाकीचे पाणी आणि विस्तव पाहून घेतात. डाळ शिजल्याची परीक्षाही म्हणून डाळीकडेच असते. दाणा बोटात दाबला आणि विनासायास मोडला की ती शिजली.

आता कोरड्या उष्णतेकडे येऊ. 'भाजणे' हे संस्कृत 'भ्रस्ज्' या धातूपर्यंत मागे जाते, आणि त्याचा पसारा मोठा आहे. इंग्रजीत रोस्ट, टोस्ट, बेक असे वेगवेगळे शब्द लागतात तिथे मराठीचे एका 'भाजणे'वर भागते. भाकरी तव्यावर भाजते आणि मग निखाऱ्यावर फुगते. वांगे थेट विस्तवात भाजते. शेंगदाणे कोरड्या कढईत भाजतात. शिऱ्याचा रवा तुपात भाजतात. वरवर पाहता यात एकवाक्यता नाही, कारण कुठे तवा आहे, कुठे जाळ, कुठे तूप. पण भाजण्याचे लक्षण भांड्यात नाही, परिणामात आहे. वस्तूतला ओलावा जातो, रंग पालटतो आणि कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो. या तीन गोष्टी झाल्या की ते भाजणे. म्हणून थालीपिठाच्या भाजणीसाठी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सगळे वेगवेगळे भाजावे लागते. प्रत्येकाचा ओलावा निराळा आणि आकार निराळा. एकत्र टाकले तर धणे करपतात आणि हरभरा डाळ आत कच्चीच राहते.

'तळणे' याच्या उलट नेमके आहे. कढईत एवढे तेल हवे की वस्तू त्यात बुडेल किंवा तरंगेल. कढईलाही मराठीने संस्कृत 'कटाह' वरूनच नाव दिले आहे. तळताना तेल सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस असावे. घरात उष्णतामापक नसतो. तिथे कणकेची किंवा बेसनाची एक गोळी सोडून पाहतात. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल थंड, ताबडतोब वर येऊन लगेच तांबडी झाली तर फार गरम, आणि बुडबुडे सोडत संथपणे वर आली तर बरोबर. थंड तेलात टाकलेला पदार्थ तेल पितो आणि तेलकट होतो. फार गरम तेलात बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो.

या दोहोंच्या मधे 'परतणे' आहे. हे क्रियापद बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. भाजणे, तळणे, शिजणे ही नावे विस्तव काय करतो ते सांगतात. परतणे हात काय करतो ते सांगते. परतणे म्हणजे मागे फिरणे, उलटणे. गावाहून माणूस परततो तशी कढईतली भाजी उलथन्याने परतायची. थोडे तेल, मध्यम आच, आणि वस्तू एका जागी राहू नये म्हणून हाताची सतत हालचाल. परतण्याचा सारा हेतू चिकटू न देणे हा आहे. पुढे जो गोंधळ होतो त्याचे मूळ इथे आहे, म्हणून आम्ही यावर जरा थांबलो.

'फोडणी'ही हाताच्या आणि कानाच्या बाजूची. तिचे नाव फोडणे या क्रियापदावरून आहे, आणि मोहरी फुटल्याशिवाय फोडणी झाली असे मराठी घरात धरत नाहीत. तेल तापले की मोहरी, ती तडतडून थांबली की जिरे, मग हिंग, हळद. हळद शेवटी, कारण ती क्षणात करपते. आमच्या घरात यालाच 'बघार' म्हणतात. बघारात मोहरीपेक्षा जिरे, लसूण आणि सुकी मिरची यांचा मान मोठा, आणि तो बहुधा शिजलेल्या डाळीवर अखेरीस ओतला जातो. मराठवाड्यातल्या आणि हैदराबादेकडच्या 'बगारा खाना' या भातात मात्र तो सुरुवातीलाच असतो. बघार हा शब्द ऐकून तो उर्दूचा, म्हणजे बाहेरचा, असे अनेकांना वाटते. वास्तविक तो संस्कृत 'व्याघार' या शब्दाचा वंशज आहे, आणि व्याघार म्हणजे तुपाचा शिडकावा. फोडणी आणि बघार हे एकाच मातीतले दोन शब्द आहेत. फोडणीने मोहरीचा आवाज धरला, बघाराने वरून ओतलेले तूप धरले.

मग फारसीने स्वयंपाकघराला काय दिले? पुष्कळ दिले, पण नामे दिली. कबाब, कोफ्ता, पुलाव, शोरबा, हलवा, बिर्याणी ही सगळी पदार्थांची नावे आहेत. यांतली काही मूळची क्रियेचीच रूपे आहेत. 'बिर्यान' म्हणजे भाजलेले किंवा तळलेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापे दिली आहेत. तिथला 'बिर्यान' म्हणजे एक अख्खे मेंढरू, मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी, जिरे. तांदळाचा त्यात दाणाही नाही. नाव क्रियेचे होते, भाजण्याचे. पुढे तेच नाव भाताला चिकटले आणि आता बिर्याणीत भाजण्यासारखे फारसे उरलेले नाही. त्याच ग्रंथात 'दमपुख्त' वेगळा दिला आहे. त्यात दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि एक शेर कांदे, शिवाय आले, मिरी, लवंग, वेलदोडे. पाण्याचा उल्लेख नाही, कारण दमात पाणी बाहेरून घालायचे नसते.

फारसीची क्रियापदे मराठीत क्रियापदे म्हणून आली नाहीत. मराठीने फारसी नाम घेतले आणि त्याला आपले क्रियापद जोडले. 'दम देणे', 'दम लावणे' अशी ही जोडणी. दम म्हणजे श्वास. मराठीत दम लागतो, दम खातात, आणि कोणाला धमकावले तरी दमच देतात. चुलीवर मात्र दम देणे म्हणजे पदार्थाला त्याच्याच श्वासात कोंडणे. यासाठी मराठीत शब्द नव्हता काय, असा प्रश्न येईल. जवळचे दोन शब्द होते. एक 'वाफवणे'. हे 'वाफ' या नामावरून बनले, आणि वाफ 'बाष्प' वरून. वाफवताना खाली पाणी उकळत असते आणि वस्तू चाळणीवर, पाण्याला न शिवता, वर बसलेली असते. मोदक असे होतात, कोकणातले सांदण असे होते. दुसरा शब्दप्रयोग 'एक वाफ आणणे'. भाजी परतून झाली की झाकण ठेवून तिच्याच अंगच्या पाण्याची वाफ दोन-चार मिनिटे कोंडायची. दम या दुसऱ्याच्या जवळचा, पण तोच नव्हे. वाफ आणताना झाकण सैल असते आणि वेळ थोडा. दमात झाकण कणकेने लिंपून घट्ट करतात, खाली आच मंद ठेवतात, झाकणावर निखारे ठेवतात, आणि वेळ अर्धा तास किंवा जास्त. वेगळी कृती होती म्हणून वेगळा शब्द आला आणि टिकला. गरज नसती तर तो टिकला नसता.

आता हे सारे एका पातेल्यात पाहू. एक किलो मटण आणि एक किलो बासमतीची, आधी मसाला शिजवून घेतलेली, म्हणजे 'पक्की' बिर्याणी घ्या. तिच्यात मराठीची पाच-सहा क्रियापदे एकामागून एक येतात, आणि एकेक चुकले की पुढचे सावरता येत नाही.

पहिले तळणे. अर्धा किलो कांदा एकसारखा पातळ, उभा चिरून तेलात तळायचा. कांद्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असते, म्हणून बराच वेळ तो नुसताच फेसाळत राहतो. पाणी संपले की रंग झपाट्याने बदलतो. हवा त्याच्या एक छटा आधी तो काढायचा, कारण तेलातून निघाल्यावरही त्याचा रंग चढतच असतो. कागदावर मोकळा पसरला तर कुरकुरीत राहतो, ढीग केला तर मऊ पडतो.

दुसरे मुरवणे. मटणाला पाव किलो दही, आले-लसूण, मीठ लावून दोन-तीन तास ठेवायचे. मुरणे ही विस्तवाविना होणारी क्रिया आहे. लोणचे मुरते तसेच मांसही मुरते, पण इथे दिवस नव्हे, तास पुरतात.

तिसरी क्रिया आमच्या घरात 'भुनना' म्हणतात ती. मसाल्यासह मांस कढईत पडले की त्याला पाणी सुटते. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर ते पाणी आटवायचे. आटले की मसाला बुडाला धरू लागतो. तो धरू द्यायचा, पण करपू द्यायचा नाही. धरला की पळीभर पाणी शिंपडून उलथन्याने खरवडून घ्यायचा. ते पाणी आटले की पुन्हा धरतो, पुन्हा खरवडायचा. असे तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी रंग एक पायरी गडद होतो. अखेरीस कडेने तेल वेगळे दिसू लागते आणि कांदा-लसणाचा कच्चा वास नाहीसा होतो. तेव्हा भुनणे झाले. मग गरम पाणी घालून मांस शिजवायचे.

यामागचे कारण सोपे आहे. उघड्या भांड्यात पाणी असेतोवर उष्णता साधारण १०० अंशांच्या वर जात नाही. मसाल्याला आणि मांसाला तांबूस रंग आणि भाजका स्वाद येतो तो मात्र सुमारे १४० अंशांच्या पुढे. म्हणून पाणी गेल्याशिवाय रंग नाही. आणि पाणी पूर्ण गेल्यावर थांबले नाही तर कोळसा. भुनणे म्हणजे या दोन टोकांमधे पदार्थाला मुद्दाम हेलकावे देणे. पाणी जास्त शिंपडले की ते भुनणे राहत नाही, शिजवणे होते, आणि रस्सा फिका पडतो. शिंपडायला उशीर झाला की मसाला करपतो, आणि करपल्याचा कडवटपणा पुढे कितीही पाणी घातले तरी जात नाही. मराठीत या चुकांनाही चोख शब्द आहेत. बुडाला 'लागणे' ही सुधारता येणारी चूक, 'करपणे' ही न सुधारणारी, आणि 'जळणे' म्हणजे पातेले घासायला काढायचे.

चौथी क्रिया भाताची, आणि तिला मराठीत 'वेळणे' असा सुरेख शब्द आहे. तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर खारट आधणात सोडायचे आणि पुरते शिजण्याआधी पाणी काढून टाकायचे. पाणी निथळून काढण्याच्या या क्रियेला वेळणे म्हणतात. दाणा चिमटीत मोडून पाहावा. बाहेर मऊ आणि मधे एक पांढरी, कडक कणी राहिली असेल तेव्हा वेळावा. कणी न उरलेला भात दमात जाऊन गोळा होतो. दोन-तीन जागी कडक असलेला भात दमानंतरही कच्चाच लागतो. आमच्याकडे यालाच 'पसाना' म्हणतात. बिर्याणी लिहिताना मात्र पुष्कळजणी नुसते 'भात शिजवून घ्यावा' असे लिहितात, आणि वाचणारीचा भात दम लागण्याआधीच वाया जातो. मराठीत शब्द असताना तो न वापरल्याचे हे उदाहरण आहे.

शेवटी दम. मांस आणि भाताचे थर, वर तळलेला कांदा, झाकण लिंपून पहिली आठ-दहा मिनिटे बरी आच आणि मग पातेल्याखाली तवा सरकवून पंचवीस-तीस मिनिटे मंद. वेळलेल्या भाताच्या अंगची ओल आणि मसाल्याचा रस एवढ्यावरच ती मधली कणी शिजते. कणकेची कड वाळून तडकू लागली आणि फटीतून खमंग वाफेची बारीक धार आली की झाले.

आता पुन्हा तिसऱ्या क्रियेकडे येऊ. ती वहीत कशी उतरते? मराठीत स्वयंपाकाची पुस्तके छापली जाऊ लागली त्याला दीड शतक होत आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, आणि ती घरोघर गेली. या छापील परंपरेतून स्वयंपाकाच्या प्रमाण मराठीची घडण झाली. त्या मराठीत भुनण्याला वेगळे क्रियापद रुळले नाही. तिथे 'परतावे' येते. फार तर 'तेल सुटेपर्यंत परतावे' येते.

'तेल सुटेपर्यंत' ही पुस्ती महत्त्वाची आहे, हे आम्ही मान्य करतो. तिने अखेर कुठे आहे ते सांगितले. पण तिथवर जायचे कसे, ते परतणे हा शब्द सांगत नाही, उलट चुकीचे सांगतो. परतण्याचा हेतू चिकटू न देणे आणि भुनण्याचा हेतू चिकटू देऊन खरवडणे. परतणारा हात थांबत नाही, भुनणारा हात थांबायला शिकतो. परतताना पाणी शिंपडत नाहीत, भुनताना पाण्याशिवाय चालत नाही. जी मुलगी 'परतावे' वाचून मटण करते, ती प्रामाणिकपणे सतत हलवत राहते, आच बेताची ठेवते, भरपूर तेल घालते म्हणून तेल लवकर वर दिसते, आणि ती थांबते. मसाला कच्चाच असतो. मग आईच्या हातची चव आपल्या हाताला नाही, असे ती समजते. हाताचा काही दोष नसतो. क्रियापद चुकीचे उतरलेले असते.

यावर कोणी म्हणेल, मग 'भाजणे' लिहा. मसाला भाजणे असे मराठीत म्हणतातच. पण मसाला भाजणे म्हणजे खोबरे, धणे, कांदा वाटणाआधी सुके किंवा थेंबभर तेलावर भाजून घेणे. ते वाटणापूर्वीचे काम आहे, आणि भुनणे वाटण कढईत पडल्यानंतरचे. शिवाय भाजण्यात ओलावा एकदाच जातो आणि परत येत नाही. भुनण्यात तो मुद्दाम परत आणला जातो. दोन्ही शब्द जवळून जातात, पण नेमके त्या जागी कोणीच बसत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की जिथे रिकामी जागा आहे तिथे घरचा शब्द सरळ लिहावा. 'मसाला भुनावा' असे लिहायला मराठीच्या व्याकरणाची हरकत नाही. 'बदलणे' हे अरबी 'बदल' वरून मराठीने स्वतःचे क्रियापद करून घेतले, तिथे 'भुनणे' तर इथल्याच मातीतले. शंका असेल तर पहिल्यांदा लिहिताना कंसात एक ओळ द्यावी : पाणी शिंपडत, खरवडत, तेल सुटेपर्यंत. आणि जिथे मराठीत आधीच नेमका शब्द आहे, तिथे त्याला मागे सारून सैल शब्द लिहू नये. भात 'वेळावा' असेच लिहावे, 'शिजवावा' असे नव्हे.

प्रेशर कुकर आल्यापासून आणखी एक बदल चालू आहे. त्यात दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळपास जाते, मांस तासाऐवजी वीस मिनिटांत मऊ होते, आणि कृतीत क्रियापदाऐवजी 'चार शिट्ट्या' येतात. शिट्टी मऊपणा देते, पण रंग देत नाही, कारण तिथेही पाणी आहेच. म्हणून कुकरमधल्या मटणालाही भुनणे चुकत नाही. फक्त ते शिट्टीच्या आधी करायचे की नंतर, एवढेच ठरवायचे. आधी केले तर रस्सा गडद आणि एकजीव होतो. नंतर केले तर मऊ झालेले तुकडे खरवडताना मोडतात. हा फरक सांगायला 'चार शिट्ट्या' पुरत नाहीत. तिथे क्रियापदच लागते, आणि ते वहीत लिहिलेले असावे लागते.